ओझरच्या पाण्याचा माग

नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाचा उजवा कालवा दिंडोरी तालुक्यातून निघतो आणि निफाड तालुक्यातल्या ओझरपर्यंत येतो. ओझर त्याच्या शेपटाला. वरचे शेतकरी आधी भिजवून घेत आणि खाली पाणी क्वचितच पोहोचे. वरच्याने हात आवरला तर खालच्याचे भले होणार, पण आपण थांबल्यावर शेजारीही थांबेल याची खात्री त्याला नव्हती. खालच्याचीही तीच गत: पाणी नक्की मिळणार नसेल तर चारी दुरुस्तीला वर्गणी कोण देईल? सगळ्यांच्या हिताचे काम सगळ्यांमुळेच अडते, ते असे.

तरीही 1990-91च्या सुमारास ओझरला बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने तीन सहकारी पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे प्रकल्पावरच्या इतर शेतकऱ्यांनीही अशा संस्था काढल्या आणि 2003च्या सुमारास त्या सगळ्यांचा मिळून प्रकल्पस्तरीय संघ झाला.

हे कशामुळे जमले? उत्तरे पुष्कळ मिळतात. कोणी म्हणते पुढारी चांगले होते, कोणी टंचाईला श्रेय देते, कोणी कायद्याला. अशा वेळी समाजशास्त्रज्ञ ‘प्रोसेस ट्रेसिंग’ वापरतात. एकाच घटनेत कारणापासून परिणामापर्यंतची साखळी कडी-कडीने तपासायची, आणि प्रत्येक उत्तराला विचारायचे: तू खरे असशील तर कोणती खूण सापडलीच पाहिजे?

कायद्याचे उत्तर आधी घेऊ. पाणीवापर संस्थांना वैधानिक आधार देणारा महाराष्ट्राचा कायदा 2005चा. ओझरच्या संस्था त्याच्या चौदा-पंधरा वर्षे आधीच्या, सहकार कायद्याखाली नोंदलेल्या. कारण परिणामाच्या आधी यायलाच हवे, ही पहिली अट. इथे ती मोडते, म्हणून हे उत्तर बाद. अशा चाचणीला ‘हूप टेस्ट’ म्हणतात. तिच्यातून पार पडल्याने कोणी खरा ठरत नाही, पण अडकला तर बाहेर जातो.

टंचाईचे उत्तर जास्त चिवट आहे. रॉबर्ट वेड यांनी आंध्रातल्या कालव्यांवरची गावे अभ्यासली आणि 1988मध्ये दाखवले की गावकऱ्यांच्या पाणीसंघटना मुख्यतः शेपटाकडच्या गावांत उभ्या राहतात. ओझर या नमुन्यात बसते, म्हणून टंचाई यादीत राहते. मात्र शेपटाला असूनही वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. टंचाईने गरज का निर्माण झाली ते कळते, शेजाऱ्यावर भरवसा कसा बसला ते कळत नाही.

माझ्या मते खरी कडी मोजून मिळालेल्या पाण्यात आहे. पूर्वी शेतकरी सात नंबरचा अर्ज भरी आणि पिकाच्या क्षेत्रावर पाणीपट्टी देई. किती पाणी घेतले याचा हिशेब नसे. संस्थेने पाटबंधारे खात्याशी करार केल्यावर पाणी घनमापन पद्धतीने, संस्थेच्या तोंडाशी मोजून मिळू लागले. मग वाचलेले पाणी संस्थेचे आणि चोरलेले पाणी शेजाऱ्याच्या हिश्शातले, हे सगळ्यांना दिसू लागते. पाटकरी आता संस्थेचा, म्हणजे गावाला उत्तर देणारा. ओझरकरांनी कालव्याचे पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडले, ते पाझरून विहिरींना उतरले, आणि विहिरीवाल्यांकडूनही पट्टी घेतली गेली. फुकट फायद्याची वाट अशी अरुंद झाली.

हा माझा अंदाज खरा असेल तर खुणा दप्तरात असायला हव्यात, आणि सहकारी संस्थेला इतिवृत्त, सभासद नोंदवही, लेखापरीक्षण ठेवावेच लागते. मी आधी सभासद नोंदवहीतल्या तारखा पाहीन. काठावर बसलेले लोक पहिले मोजलेले आवर्तन शेवटच्या शेतापर्यंत पोहोचल्यानंतर सभासद झाले असतील, तर भरवसा मोजणीतून आला या म्हणण्याला मोठे बळ मिळते. आवर्तनाआधीच सगळे आले असतील तर माझे उत्तर ढासळते आणि पुढाऱ्यांच्या शब्दाचे वजन वाढते. विहिरीवाल्याची पट्टी बुडाली तेव्हा संस्थेने काय केले, हेही इतिवृत्तात शोधावे लागेल. नियम लिहिलेला असणे वेगळे, आणि ओळखीच्या माणसावर तो लावलेला असणे वेगळे.

इथे फसगत होते ती मुलाखतींत. यशानंतर गाव आपली गोष्ट नीटनेटकी करून सांगते. भांडणे गळतात, एखाद-दोन नावे मोठी होतात. म्हणून त्या वेळी लिहिलेला कागद पुढे ठेवून मगच आठवण विचारावी, आणि संस्थेत न आलेल्या शेतकऱ्यालाही गाठावे. तारखा जुळल्या तरी त्यावरून ओझरला काय घडले एवढेच सांगता येईल. मोजमापाचे यंत्रच बंद पडलेल्या दुसऱ्या कालव्यावर ही साखळी दुसऱ्याच कडीला तुटेल, आणि तिथले दप्तर पुन्हा पहिल्यापासून उघडावे लागेल.