बड्या पाहुण्याआधीचे टिपण

मोठ्या कंपनीचे संचालक मुक्कामाला येणार असले की चांगल्या हॉटेलात आदल्या दिवशी एक पानी टिपण काढतात. ते फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंग, दोघांच्याही हाती पडावे लागते. लॉजिंगच्या धंद्यातील आमच्या वाचकांसाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, पाहुणे रात्री सव्वाअकराला पोहोचणार. त्यांना पिसांची उशी चालत नाही, खोली लिफ्टपासून दूर हवी आणि मिनीबारमध्ये दारू नको. फ्रंट ऑफिसने ४१२ नंबर राखून ठेवला. हाऊसकीपिंगने उशा बदलल्या, बाटल्या काढल्या. सुपरवायझरने नळ सोडून गरम पाणी येते का पाहिले, एसी आणि फोन तपासला.

घोटाळा होतो तो यापुढे. रात्री दहाला ४१२ चा एसी गळू लागतो. फ्रंट ऑफिस ४१८ देऊन मोकळे होते, पण हाऊसकीपिंगला कळवत नाही. पाहुण्यांसाठी केलेली सारी तयारी जुन्या खोलीतच राहते! म्हणून पर्यायी खोलीचा नंबरही टिपणात आधीच हवा. खोली बदलली तर निरोप कोणी घेतला, त्याचे नाव लिहून ठेवावे.

स्वागताचेही तसेच. रात्री अकराला पाळी बदलते. टिपणात संध्याकाळच्या मॅनेजरचे नाव असेल, तर पाहुणे येईतो ते घरी गेलेले असतात. रात्रपाळीच्या मॅनेजरचे नाव लिहावे आणि ते अडकले तर कोण, हेही. नोंदणीचे कार्ड शक्य तितके भरून ठेवावे, म्हणजे थकलेल्या पाहुण्यांना काउंटरवर ताटकळावे लागत नाही. ओळखपत्र पाहून सही खोलीतच घेता येते.