वर गेला की मागे सरकला?

वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांब बोळ, दोन्ही अंगांना 160 चौरस फुटांच्या खोल्या, एका इमारतीत 80 बिऱ्हाडं. अशा चाळीचा एक तुकडा कापून घ्यावा, आपल्या बाजूच्या दोन भिंती आणि छप्पर काढून टाकावं आणि कोपऱ्यावरून तिरकं खाली पाहत एकावर एक मजले चढताना बघावेत. शब्दांवरून व्हिडिओ बनवणाऱ्या एआय साधनाला नीट सांगितलं, तर काही सेकंदांचं असं ॲनिमेशन ते करून देतं. पण नीट सांगायचं म्हणजे काय, ते कळायला आधी या दृश्याची भूमिती पाहावी लागते. तीच खरी गंमत आहे.

या चित्रपद्धतीला आयसोमेट्रिक म्हणतात. केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी 1822 मध्ये तिचे नियम मांडले. व्याख्यानात दाखवायच्या यंत्रांच्या रेखाटनांसाठी त्यांना ती हवी होती. नजर इमारतीच्या कोपऱ्यावर, सुमारे 35 अंश खाली झुकलेली. कागदावर जमिनीच्या दोन्ही कडा 30 अंशांनी तिरक्या जातात आणि दूरची वस्तू लहान होत नाही. त्यामुळे तळमजल्याचा जो चौकट-आकार, तोच हुबेहूब तिसऱ्या मजल्याचा. फक्त वर सरकवलेला.

इथपर्यंत सोपं वाटतं. आता आपला तुकडा 10 बाय 10 मीटरचा आणि मजल्याची उंची 3 मीटर धरू. वरचा स्लॅब बसला की खालच्या मजल्याची किती जमीन दिसेल? या नजरेतून एखादी गोष्ट 3 मीटर वर उचलणं आणि तीच दोन्ही दिशांनी 3-3 मीटर मागे ढकलणं, चित्रात अगदी एकच दिसतं. म्हणजे खालच्या मजल्याची आपल्या बाजूची 3 मीटरची पट्टी उरते आणि मागचा 7 बाय 7 चा भाग झाकला जातो. 100 चौरस मीटरपैकी 49 गायब! सगळे मजले शेवटपर्यंत पूर्ण दिसायला हवे असतील, तर स्लॅब 10-10 मीटरच्या अंतरावर हवेत लटकवावे लागतील. ते मला चाळीला शोभणारं वाटत नाही. त्यापेक्षा प्रत्येक मजला थोडा वेळ उघडा ठेवावा, मग त्यावर पुढचा चढवावा.

वर आणि मागे यांतला हा गोंधळ ‘मॉन्युमेंट व्हॅली’ या 2014 च्या मोबाइल गेमने कोड्यांसाठी वापरला आहे. आपल्याला मात्र तो नडतो. नुसता ‘मजला वरून खाली येतो’ असं लिहिलं, तर तो मागून घसरत आल्यासारखाही दिसू शकतो. म्हणून उंचीची खूण द्यावी लागते: आधी खांब वाढतात, जिना वर जातो, मग स्लॅब टेकतो आणि त्याची सावली खाली पडते. माझं वर्णन साधारण असं असेल:

‘स्थिर आयसोमेट्रिक दृश्य, सर्व समांतर कडा समांतरच. समोरच्या दोन भिंती काढलेली चाळ, फिकट सपाट पार्श्वभूमी. तळमजल्यावर बोळ, खोल्या, मोरी. तळमजला काही क्षण तसाच राहतो. मग चार कोपऱ्यांतले खांब वाढतात, जिना वर चढतो, पहिल्या मजल्याचा स्लॅब सरळ खाली येऊन टेकतो. तळमजल्यावरचं सामान जागच्या जागी स्थिर.’

एका क्लिपमध्ये एकच मजला. चारही एकदम मागितले की मोजणी चुकते, कारण असं साधन इमारतीचा त्रिमितीय नमुना मनात ठेवून वर मजला रचत नसतं. पाहिलेल्या असंख्य दृश्यांच्या सवयीने ते चित्रं घडवतं. सवय कॅमेऱ्याच्या चित्रणाची, म्हणून समांतर कडा हळूच एकमेकींकडे झुकतात किंवा दृश्य फिरू लागतं. ‘कॅमेरा फिरवू नका’ याऐवजी ‘कॅमेरा स्थिर’ लिहिलेलं बरं. नकारातला शब्दच कधी कधी पडद्यावर उतरतो. तपासायला पडद्यावर पट्टी लावावी. तळमजल्याची आणि वरच्या मजल्याची तीच कड सारख्याच लांबीची भरली पाहिजे. मग पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवून उघड्या उरलेल्या 3 मीटरच्या भागातली खाट, स्टोव्ह, पिंप आहे तिथेच आहेत ना, ते पाहावं.

सगळ्यात भरवशाचा मार्ग आधी स्थिर चित्रांचा. पूर्ण इमारतीचं चित्र काढून वरून मजले पुसत येण्याचा मोह होतो, पण पुसलं की झाकलेले ते 49 चौरस मीटर साधनाला नव्याने रचावे लागतात आणि दर वेळी काहीतरी वेगळंच निघतं. खालून वर गेलं की नवं रचायचं ते फक्त वर चढणाऱ्या मजल्याचं. खालचं नुसतं झाकलं जातं. म्हणून तळमजल्याचं चित्र पक्कं करावं, त्याच चित्रात एकेक मजला वाढवत चार चित्रं करावीत आणि लागोपाठच्या दोन-दोन चित्रांना पहिली व शेवटची फ्रेम म्हणून देऊन तीन क्लिप काढून जोडाव्यात.