पासवर्ड विसरलात, तर कोड कुठे येणार?

मोबाइलच्या दुकानांत एक व्यवहार नेहमी दिसतो. नवा अँड्रॉइड फोन घ्यायला आलेल्या काकांचं जीमेलचं खातं नसतं, म्हणून काउंटरवरचा मुलगा तिथल्या तिथे ते काढून देतो. पासवर्ड तोच ठरवतो. नंबर कधी काकांचा घालतो, कधी सोबत आलेल्या भाच्याचा. फोन सुरू होतो, व्हॉट्सअ‍ॅप चालू होतं आणि खातं फोनमध्ये कायम उघडंच राहत असल्यामुळे पुढे कित्येक वर्षं पासवर्ड कुणी विचारत नाही. दरम्यान नातवंडांचे फोटो, सगळ्यांचे नंबर, बँकेची स्टेटमेंट्स, पेन्शनचा पत्रव्यवहार, सगळं त्याच एका खात्यात साठत जातं. मग एक दिवस फोन चोरीला जातो. नव्या फोनवर गूगल पासवर्ड मागतं आणि तो घरात कुणालाच माहीत नसतो.

इथून पुढे काय होणार, हे बरंचसं त्या खात्यात आधीच भरून ठेवलेल्या दोन गोष्टींवर ठरतं : रिकव्हरी फोन नंबर आणि रिकव्हरी ईमेल. बँकेत पासबुक हरवलं तर आपण आधार कार्ड घेऊन शाखेत जातो. जीमेलच्या फुकट खात्याला अशी शाखाच नाही. समोर बसलेला माणूस खरा मालक आहे की नाही, हे गूगल मुख्यतः एकाच मार्गाने तपासतं. तुम्ही पूर्वी दिलेल्या नंबरवर किंवा ईमेलवर सहा आकडी कोड पाठवायचा आणि तो तुम्हाला वाचता येतो का ते पाहायचं. कोड बरोबर निघाला की नवा पासवर्ड ठेवता येतो. हा मार्ग नसेल तर गूगल इतर खुणांकडे बघतं : नेहमीचा फोन किंवा कॉम्प्युटर आहे का, नेहमीची जागा आहे का, जुना एखादा पासवर्ड आठवतो का. या खुणा पुरतीलच असं नाही. कधी काही तास थांबावं लागतं, कधी काही दिवस, आणि कधी सरळ नकार येतो.

भरायचं काम मात्र पाच मिनिटांचं आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये Google वर जा, तिथून आपलं खातं उघडा आणि Security असं लिहिलेल्या भागात या. तिथे Recovery phone आणि Recovery email अशा दोन ओळी दिसतील. त्यांवर बोट ठेवलं की आधी पासवर्ड किंवा फोनचं लॉक विचारलं जातं. नंबर, पत्ता घातला की कोड येतो. तो टाकून खात्री पूर्ण करा, नाहीतर काम अर्धवट राहतं.

पण खाती अडकतात ती बहुतेक पुढच्या काळात. त्या दिवशी घातलेला नंबर आज कुणाकडे आहे, हा खरा प्रश्न. प्रीपेड सिमचं रिचार्ज थांबलं आणि वापर ९० दिवस झाला नाही, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. म्हणजे त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो, आणि तुमच्या खात्याचा कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. दुबईला किंवा अमेरिकेला गेलेल्या मुलांचं हे हमखास होतं. इथलं सिम सुटतं, खात्यावर नंबर मात्र तोच राहतो. सिमची कंपनी बदलून तोच नंबर ठेवला असेल तर काळजी नाही. फोनसोबत सिमही चोरीला गेलं तरी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम मिळतं. फक्त ते चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून कोडसाठी लगेच घाई करू नका.

ईमेलची अडचण वेगळी. अनेकजण स्वतःचंच दुसरं जीमेल खातं देतात, आणि तेही त्याच फोनवर उघडलेलं असतं. त्याचाही पासवर्ड आठवत नाही आणि त्याच्या रिकव्हरीसाठी पहिलंच खातं दिलेलं असतं. कपाटाची जादा किल्ली त्याच कपाटात ठेवण्यातला हा प्रकार. मुलीचा किंवा विश्वासातल्या भावाचा रोज वापरातला पत्ता याहून कितीतरी बरा. मात्र ज्याचा पत्ता द्याल त्याच्या हाती तुमचं खातं उघडण्याचं साधन जातं, हे समजून माणूस निवडायला हवा.

आणि पत्ता जिवंत हवा. २००९ साली ट्विटर कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याचं जीमेल खातं याच फटीतून फोडलं गेलं. हल्लेखोराने पासवर्ड विसरल्याचं सांगितलं, तेव्हा रिकव्हरीचा पत्ता पडद्यावर अर्धा झाकलेला दिसला. त्यावरून तो हॉटमेलचा आहे, हे त्याने ओळखलं. ते हॉटमेल खातं न वापरल्यामुळे बंद पडून पुन्हा नोंदणीसाठी मोकळं झालं होतं. त्याने तोच पत्ता स्वतःच्या नावाने घेतला, पुन्हा विनंती केली आणि पासवर्ड बदलायची लिंक थेट त्याच्या हातात पडली. पुढे कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. आजही दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणून जुना कॉलेजातला पत्ता तिथे पडून असेल तर तो आजच बदला.

नंबर बदलतानाही एक बारकावा आहे. नवा नंबर घातल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. चोराने आत शिरून नंबर बदलला तर खऱ्या मालकाला परत येता यावं, यासाठी ही सोय आहे. तेव्हा जुनं सिम त्याच दिवशी फेकू नका, आठवडाभर चालू राहू द्या.

सगळं नीट बसलंय का, हे तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर g.co/recover उघडा आणि आपला पत्ता टाका. फोनवर ‘तुम्हीच आहात का’ असा प्रश्न आला तर Try another way निवडा. पुढे झाकलेल्या नंबरचे शेवटचे आकडे आणि ईमेलची पहिली-दुसरी अक्षरं दिसतात. ती ओळखीची आहेत, सिम चालू आहे आणि तो ईमेल या फोनशिवाय उघडता येतो, एवढं पटलं की तिथेच थांबा. नवा पासवर्ड ठेवायची गरज नाही. आकडे अनोळखी दिसले तर दुकानातल्या मुलाचा नंबर अजून तिथेच आहे, असं समजा.

पासवर्ड आताच आठवत नसेल, पण फोनमध्ये खातं उघडं असेल, तर फोन रीसेट करायच्या आधीच हे काम उरका. खात्याच्या Security भागात पासवर्ड बदलायला जाऊन Forgot password? दाबलं की पुष्कळदा फोनच्या लॉकचा पिन किंवा बोटाचा ठसा घेऊन नवा पासवर्ड ठेवू देतात. फोन एकदा पुसला की ही सोय जाते, उलट तो सुरू करतानाच आधीच्या खात्याचा पासवर्ड मागून अडून बसू शकतो. अशा वेळी नेटवर ‘गूगल कस्टमर केअर’ म्हणून सापडलेल्या नंबरवर फोन करण्याचा मोह होतो. तो करू नका. खातं परत मिळवण्यासाठी गूगल फोनवरून कधीही कोड विचारत नाही. पलीकडचा माणूस G- ने सुरू होणारा आकडा मागत असेल, तर तुमच्या खात्याचा पासवर्ड त्या क्षणी तोच बदलत असतो.