‘नेट बंद आहे’ म्हणण्याआधी

मी ज्या कार्यालयाच्या आयटी विभागात बसतो, तिथला फोन सोमवारी सकाळी दहाच्या आत वाजला नाही असं सहसा होत नाही. परवाच्या सोमवारी लेखा विभागातल्या मॅडम होत्या. “सर, नेट बंद आहे. लवकर बघा ना, हजेरी लावायचीय.”

“व्हॉट्सॲप चालू आहे का कॉम्प्युटरवर?”

“हो, ते चालू आहे.”

“आणि बातम्यांची साइट?”

“तीही उघडते. हजेरीचंच पान उघडत नाही.”

म्हणजे नेट बंद नव्हतंच. बाहेरचं सगळं दिसत होतं, फक्त कार्यालयाच्या आतलं एक पान सापडत नव्हतं. ‘काय चालत नाही’ याइतकंच ‘काय चालतंय’ हे सांगितलं, की शोधायची जागा निम्म्याने कमी होते. शेजारच्या टेबलावर तेच पान उघडत होतं. त्यामुळे सर्व्हर ठीक होता आणि दोष याच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये होता.

मग मी विचारलं, “स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय?” मॅडम म्हणाल्या, “काहीतरी एरर होता, मी बंद केला.” हे रोजचंच. खरं तर आम्हाला सगळ्यात जास्त तोच मजकूर हवा असतो. पान पुन्हा उघडायला लावल्यावर खालच्या बारीक अक्षरांत दिसलं: DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN.

पान उघडताना कॉम्प्युटर आधी पत्त्याच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता विचारून घेतो आणि मग त्या पत्त्यावर जातो. हा आकडा सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. वरचा संदेश म्हणतो, ‘या नावाचं कुणी नाही.’ त्याऐवजी ERR_CONNECTION_TIMED_OUT आलं असतं, तर पत्ता बहुधा मिळालाय पण पलीकडून उत्तर येत नाही, असं समजून मी फायरवॉल किंवा सर्व्हर बघायला गेलो असतो. दोन्ही वेळा वापरणाऱ्याच्या तोंडी वाक्य एकच असतं, ‘साइट उघडत नाही’. पण आमच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून संदेश आठवणीने सांगू नका. Windows, Shift आणि S या कळा एकत्र दाबा, हव्या त्या भागाचं चित्र घ्या आणि मेलमध्ये चिकटवा.

पुढचा प्रश्न ठरलेला: शेवटचं कधी चाललं होतं आणि मधे काय बदललं? “शुक्रवारी चाललं होतं. बदललं काहीच नाही हो.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “हां, शनिवारी घरी नेट हळू चालत होतं, तर भाच्याने काहीतरी करून दिलं.” उत्तर इथेच होतं. खात्री करायला त्यांना Windows आणि R दाबून cmd उघडायला सांगितलं आणि काळ्या खिडकीत ही ओळ टाइप करायला लावली:

```
ipconfig /all
```

DNS Servers या ओळीपुढे 8.8.8.8 होतं. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस. जगभरातल्या साइट तो बिनचूक सांगतो. पण कार्यालयाच्या आतलं हजेरीचं नाव त्याला कुठून माहीत असणार? भाच्याने हा आकडा हाताने भरला होता. ते सेटिंग पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवलं आणि पान उघडलं. दुरुस्ती दोन मिनिटांची, विचारपूस वीस मिनिटांची.

याच ओळींत IPv4 Address पुढे 169.254 ने सुरू होणारा आकडा दिसला, तर कॉम्प्युटरला नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही. तेव्हा आधी केबल नीट बसली आहे का ते पाहा.

तर फोन करण्याआधी एवढं कागदावर उतरवा:

- काय चालतं, काय नाही. शेजाऱ्याकडे तेच चालतं का
- संदेशाचं चित्र आणि तो आला ती वेळ
- शेवटचं कधी चाललं. त्यानंतर अपडेट, नवा पासवर्ड, जागाबदल किंवा कुणी सेटिंगला लावलेला हात
- वायफाय की केबल, कार्यालयातून की घरून
- यंत्रावरच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक
- तुम्ही स्वतः काय काय करून पाहिलं

शेवटचा मुद्दा लोक संकोचाने लपवतात. चार ठिकाणी बदल करून पाहिले असतील, तर तेही सांगा. नाहीतर मूळ दोष कुठला आणि नंतरचा कुठला हे आम्हाला कळत नाही. रीस्टार्ट जरूर करा, पण संदेशाचं चित्र घेतल्यानंतर. पासवर्ड आणि ओटीपी मात्र या यादीत नाहीत. सेटिंग तपासायला ते लागत नाहीत आणि कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याच मॅडमचा मेल आला. “सकाळी ९.४० पासून प्रिंट निघत नाही. शेजारी निघते. काल माझी जागा बदलली, केबल नवी आहे. चित्र जोडलंय.” मी फोनही केला नाही, सरळ त्यांच्या नव्या टेबलावरची केबल बघायला गेलो.