खंड पडणारच, हे धरून आखलेला व्यायाम

रोज सकाळी सहाला मैदानावर जायचे आणि पाऊण तास चालायचे, असा बेत करताना आपण मनात एक गोष्ट धरून चाललेलो असतो. ती म्हणजे आपण रोज घरीच असू आणि रोज बरे असू. मग गावाकडचे लग्न येते, पावसाळ्यात घरभर ताप फिरतो, मार्च अखेरीला ऑफिसातून यायला रात्रीचे नऊ वाजतात. बेतात या दिवसांसाठी काहीच लिहिलेले नसते, आणि व्यायाम सुटतो तो याच दिवसांत. म्हणून बेत आखायला सुरुवात वाईट दिवसापासून करावी, असे मला ठामपणे वाटते.

समजा, नाशिकला बँकेत नोकरी करणारी ४५ वर्षांची एक बाई आहे. तिला रक्तदाब, मधुमेह असे काही नाही. तिने स्वतःसाठी मोठे माप ठरवले: ३५ मिनिटे भरभर चालणे आणि सहा सूर्यनमस्कार. त्याच वेळी तिने लहान मापही ठरवले: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीवर तळवे टेकून दहा वेळा छाती भिंतीकडे नेणे-आणणे आणि मिनिटभर टाचा उचलणे. पाच मिनिटांचे हे काम साडीत, चपलेशिवाय, कुणाच्याही खोलीत होते. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम हिशेबात धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट काढून टाकली, त्यामुळे ही पाच मिनिटे जमेला धरायला हरकत नाही. पण लहान मापाचा खरा उपयोग वेगळा आहे. त्यामुळे व्यायामाची रोजची जागा रिकामी राहत नाही.

ही जागा कशाला बांधायची, याचा नीट विचार करावा. सवय घड्याळापेक्षा आधीच्या कृतीला जास्त घट्ट चिकटते. ‘सहा वाजता’ किंवा ‘मैदानावर’ या खुणा प्रवासात मागेच राहतात. दात घासणे आणि सकाळचा चहा मात्र कोल्हापूरच्या लग्नघरीही असतात. म्हणून तिचा नियम असा: सकाळचा चहा झाला की व्यायाम. घरी असेन तर मोठे माप, बाहेरगावी असेन तर लहान. रात्रभर बसमध्ये अवघडून आल्यावर सकाळी काय करायचे, हा निर्णय तिला तिथे घ्यावाच लागत नाही. तो नाशिकलाच झालेला असतो. प्रवासापुरते एवढे पुरते.

आजारपण वेगळे असते. प्रवासात खूण हरवते, आजारात शरीराची ताकदच जाते. इथे लहान मापाचाही आग्रह धरू नये. साधी सर्दी, नाक वाहणे, शिंका एवढेच असेल आणि ताप नसेल, तर हलके चालायला सहसा हरकत नसते. पण ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर व्यायाम पूर्ण बंद. तापात नाडी आधीच जलद चालत असते. शिवाय काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. हे क्वचित घडते, पण अशा वेळी केलेला जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो.

आपल्या बाईला चार दिवस ताप आला. पॅरासिटामॉल न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही आणि जेवण जाऊ लागले, की ती परत सुरुवात करेल. मात्र थेट ३५ मिनिटांपासून नाही. पहिले दोन दिवस सपाट रस्त्यावर दहा मिनिटे, बोलता बोलता चालता येईल अशा वेगाने. मग दोन दिवस पंधरा, नंतर वीस, पंचवीस. सूर्यनमस्कार सर्वांत शेवटी. साधारण आठवडा-दहा दिवसांनी ती जुन्या मापावर येईल.

पायरी चढायची की नाही, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. पहिली, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर मोजलेली मिनिटभराची नाडी. बरी असताना तिची नाडी ७० असेल आणि आज ८० च्या वर असेल, तर त्या दिवशी पुढे जायचे नाही. यासाठी एरवीची नाडी आधीच मोजून लिहून ठेवलेली हवी. दुसरी खूण दुसऱ्या दिवशी कळते. चालताना बरे वाटले, पण दुसऱ्या दिवशी अंगातले त्राण गेले, तर एक पायरी खाली यायचे. डेंग्यूनंतर तर हा थकवा काही आठवडेही रेंगाळतो, तिथे घाई करूच नये. छातीत दुखणे, धडधड, चक्कर किंवा एरवी न लागणारी धाप यांपैकी काही जाणवले, तर थांबून डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार असलेल्यांनी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ही चढण डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

आता काहीही कारण नसताना सुटलेला दिवस. मला तोच सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण ‘मोडलाच आहे नियम, आता सोमवारपासून बघू’ हा विचार त्याच दिवशी येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. हे एकेका दिवसाबद्दल आहे, सलग आठवड्याच्या खंडाला तो दिलासा लागू करता येत नाही. अमेरिकेत एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१,००० हून अधिक सदस्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अनेक युक्त्या ताडून पाहिल्या गेल्या. त्यांत सर्वांत उजवी ठरली ती खंडानंतर परत येणाऱ्याला अगदी किरकोळ बक्षीस देण्याची युक्ती.

म्हणून बेतात परतीचा दिवस आधीच लिहून ठेवावा: दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी लहान माप, मोठे नाही. बुडालेले भरून काढायला एकदम सत्तर मिनिटे चालले की पोटऱ्या आणि गुडघे दुखतात, आणि आणखी दोन दिवस जातात. शिवाय आठवड्याला दोन दिवस राखीव धरावेत. ते सुट्टीचे म्हणून आधीच खर्चायचे नाहीत, अडचण आली तरच वापरायचे. मारिसा शरीफ आणि सुझान शू यांनी २०१७ मध्ये दाखवले की कडक ध्येयापेक्षा असे राखीव दिवस असलेल्या ध्येयाला लोक जास्त चिकटून राहतात.

नोंदीला भिंतीवरचे कॅलेंडर पुरे. मोठ्या मापाला रेघ, लहानाला टिंब, आजाराला ‘ता’, राखीव दिवसाला ‘रा’. प्रवासाच्या टिंबाशेजारी ‘प्र’. महिनाअखेरीला ओळ वाचताना ‘ता’ आणि ‘प्र’ सोडून द्यावेत. घरी असतानाही दोन आठवडे नुसती टिंबेच दिसली, तर मोठे माप झेपण्यापलीकडचे आहे. ते ३५ वरून २० मिनिटांवर आणावे. आणि ‘रा’ दर आठवड्याला एकाच वारी पडत असेल, तर त्या वारी वेळच चुकीची निवडली आहे. त्या दिवशी चहाऐवजी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कपडे बदलण्याला व्यायाम जोडून पुढचा महिना बघावा.