ऐंशी शब्दांचे वाक्य उलगडताना

समाजशास्त्रीय शोधनिबंधातले वाक्य लांबते, त्यामागे बहुतेक वेळा कारण असते. एकाच विधानात लेखकाला दुसऱ्याचे मत सांगायचे असते, त्यातला काही भाग मान्य करायचा असतो, पुरावा द्यायचा असतो, त्यावरून निष्कर्ष काढायचा असतो आणि त्या निष्कर्षाची मर्यादाही नोंदवायची असते. हे सारे एका पूर्णविरामाआधी बसवले की वाक्य सहज ऐंशी शब्दांवर जाते. असे वाक्य तोडणे अवघड नसते. त्यातले जर-तर, जरी-तरी आणि म्हणून यांचे नाते मात्र तोडताना सहज निसटते. ते कसे निसटते आणि कसे टिकवता येते, हे एका वाक्यावर काम करून पाहता येईल. पुढील वाक्य नमुन्यासाठी रचलेले आहे आणि त्यातले निष्कर्ष कोणत्याही प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे नाहीत. विषय मात्र मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. ऊसतोड मजूर कुटुंबे हंगामात गाव सोडतात, तेव्हा मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात.

«मराठवाड्यातील कोरडवाहू तालुक्यांमधून ऊसतोडणीसाठी सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची गळती ही पालकांच्या शिक्षणाविषयीच्या अनास्थेमुळे होते असा जो समज प्रशासकीय अहवालांत वारंवार आढळतो तो, जरी अशा कुटुंबांत मुलांची हजेरी कमी असल्याचे प्रस्तुत सर्वेक्षणातही दिसत असले तरी, ज्या गावांत हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू झाली त्या गावांत त्याच आर्थिक स्तरातील पालकांनी मुलांना मागे ठेवण्याची तयारी दाखवल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही, आणि म्हणून गळतीचे कारण पालकांच्या वृत्तीपेक्षा मुलांच्या निवासाची सोय नसण्यात शोधणे, किमान जिथे घरात सांभाळणारे वडीलधारे माणूस नाही तिथे, अधिक सयुक्तिक ठरेल.»

हे वाक्य बरोबर 80 शब्दांचे आहे. व्याकरणात चूक नाही, तरी पहिल्या वाचनात ते हाती लागत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जे काही येईल ते वाचकाला मनात धरून ठेवावे लागते. इथे ‘तो’ या शब्दाने समजाकडे बोट दाखवले आहे आणि त्या समजाचे पुढे काय होते हे ‘ग्राह्य धरता येत नाही’ या शब्दांवर कळते. या दोहोंच्या मध्ये 30 शब्द आहेत. लेखक समजाच्या बाजूचा की विरोधातला, हे तोवर वाचकाला माहीत नसते.

कामाची पहिली पायरी म्हणजे वाक्याला हात न लावता त्यातली विधाने वेगळी लिहून काढणे. इथे सहा निघतात. पहिले म्हणजे इतरांचा समज: गळती पालकांच्या अनास्थेमुळे होते. दुसरी कबुली: हजेरी कमी आहे हे या सर्वेक्षणातही दिसते. तिसरा पुरावा: जिथे वसतिगृहे वेळेवर सुरू झाली, तिथे तशाच पालकांनी मुलांना मागे ठेवण्याची तयारी दाखवली. चौथे खंडन: तो समज ग्राह्य नाही. पाचवा पर्यायी निष्कर्ष: कारण निवासाच्या सोयीत शोधावे. सहावी मर्यादा: निदान ज्या घरांत वडीलधारे माणूस नाही, तिथे.

दुसरी पायरी म्हणजे या विधानांमधली नाती नावानिशी नोंदवणे. कबुली आणि खंडन यांच्यात ‘असे असूनही’चे नाते आहे. पुरावा खंडनाला आधार देतो, खंडनावरून पर्यायी निष्कर्ष निघतो आणि मर्यादा केवळ या शेवटच्या निष्कर्षाला लागू होते, खंडनाला नाही. यांतली मुख्य विधाने दोनच आहेत, खंडन आणि पर्यायी निष्कर्ष. बाकी चार त्यांच्यासाठी आलेली आहेत. भाषाशास्त्रज्ञ विल्यम मान आणि सँड्रा थॉम्पसन यांनी 1988 मध्ये मांडलेल्या संहितारचनेच्या सिद्धांतात हाच भेद केंद्रस्थानी आहे. मजकुराचे काही तुकडे गाभ्याचे असतात, काही त्या गाभ्याला आधार देणारे, आणि प्रत्येक जोडीतल्या नात्याला नाव देता येते.

ही नोंद न करता वाक्य तोडले तर काय होते, ते पाहू:

«मराठवाड्यातील कोरडवाहू तालुक्यांमधून कुटुंबे ऊसतोडणीसाठी सहा महिने स्थलांतर करतात. पालकांच्या अनास्थेमुळे मुलांची गळती होते. सर्वेक्षणात मुलांची हजेरी कमी आढळली. हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू झाली. पालकांनी मुलांना मागे ठेवण्याची तयारी दाखवली. हा समज ग्राह्य नाही. गळतीचे कारण निवासाची सोय नसणे हे आहे. काही घरांत वडीलधारे माणूस नसते.»

वाक्ये आखूड झाली, पण अर्थ अनेक ठिकाणी बदलला. दुसऱ्या वाक्यातून ‘असा समज अहवालांत आढळतो’ गळाले, त्यामुळे लेखक जे खोडून काढत आहे तेच त्याचे स्वतःचे मत झाले. तिसरे वाक्य त्याच्या लगेच नंतर आल्याने कबुलीचा पुरावा बनला. हजेरी कमी आहे, म्हणजे अनास्था खरीच, असे वाचक धरून चालतो. चौथ्या वाक्यातून ‘ज्या गावांत’ गेले आणि वसतिगृहे सगळीकडेच वेळेवर सुरू झाली असे विधान तयार झाले. मूळ युक्तिवाद काही ठराविक गावांवर उभा आहे, आणि तो पायाच इथे गेला. सातव्या वाक्यात ‘शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल’ ही सावध भाषा जाऊन ठाम निर्णय आला. शेवटची मर्यादा तर कशाची मर्यादा आहे हेच कळेनासे झाले. ती आता एक सुटी माहिती आहे.

याहून सूक्ष्म बदलही झाला आहे. लांब वाक्यात गौण उपवाक्य आपण गौण आहोत हे रचनेतूनच सांगते. ‘जरी’ने सुरू झालेला भाग हा मुख्य मुद्दा नव्हे, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक उपवाक्याला स्वतःचा पूर्णविराम मिळाला की सगळी विधाने एका रांगेत, एकाच वजनाने उभी राहतात. ॲलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी 1982 मध्ये वाचनसुलभतेच्या सूत्रांवर याच अंगाने टीका केली होती. ही सूत्रे वाक्याची लांबी आणि शब्दांची कठीणता मोजतात. केवळ सूत्र समाधानी व्हावे म्हणून वाक्ये तोडली आणि जोडणारे शब्द काढले, तर मजकूर सूत्रानुसार सोपा ठरतो, पण वाचकाला सुटी विधाने स्वतः जोडत बसावे लागते.

नाती जपून केलेली मांडणी अशी होईल:

«मराठवाड्यातील कोरडवाहू तालुक्यांमधून ऊसतोडणीसाठी सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची गळती पालकांच्या शिक्षणाविषयीच्या अनास्थेमुळे होते, असा समज प्रशासकीय अहवालांत वारंवार आढळतो. अशा कुटुंबांत मुलांची हजेरी कमी असल्याचे प्रस्तुत सर्वेक्षणातही दिसते. तरीही अनास्थेचा हा समज ग्राह्य धरता येत नाही. या म्हणण्याला आधार असा की, ज्या गावांत हंगामी वसतिगृहे वेळेवर सुरू झाली, त्या गावांत त्याच आर्थिक स्तरातील पालकांनी मुलांना मागे ठेवण्याची तयारी दाखवली. म्हणून, किमान जिथे घरात सांभाळणारे वडीलधारे माणूस नाही तिथे, गळतीचे कारण पालकांच्या वृत्तीपेक्षा मुलांच्या निवासाची सोय नसण्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.»

आता पाच वाक्ये आहेत आणि सर्वांत मोठे 23 शब्दांचे आहे. एकूण शब्द 82 झाले, म्हणजे मजकूर आखूड झालेला नाही. मूळ वाक्यात जी नाती ‘जरी’, ‘-मुळे’ आणि ‘आणि म्हणून’ यांनी दाखवली होती, ती आता ‘तरीही’, ‘या म्हणण्याला आधार असा की’ आणि ‘म्हणून’ यांनी दाखवली आहेत. हे शब्द वाक्याच्या तोंडाशी आले, त्यामुळे पुढे काय येणार हे वाचकाला आधीच कळते.

यातले तीन निर्णय नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे ‘स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील’ हे विशेषण तोडलेले नाही. त्याचे स्वतंत्र वाक्य करायचे तर ‘कुटुंबे स्थलांतर करतात’ किंवा ‘अनेक कुटुंबे स्थलांतर करतात’ असे लिहावे लागेल. ही दोन्ही नवी विधाने आहेत. मूळ लेखकाने किती कुटुंबे जातात याबद्दल काहीच म्हटलेले नाही. ‘ज्या गावांत… त्या गावांत’ ही जोडीही याच कारणाने एका वाक्यात ठेवली आहे. कोणाबद्दल बोलणे चालले आहे याची मर्यादा ठरवणारा भाग आपल्या नामापासून दूर नेता येत नाही. केवळ जादा माहिती देणारा भाग मात्र खुशाल वेगळा करता येतो.

दुसरा निर्णय ‘-मुळे’ या प्रत्ययाबाबतचा आहे. मूळ वाक्यात तो दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे काम वेगळे आहे. ‘अनास्थेमुळे गळती होते’ यात एका घटनेने दुसरी घडते. ‘तयारी दाखवल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही’ यात पालकांच्या तयारीने काही घडत नाही. ती लेखकाच्या मताला आधार पुरवते. वाक्य तोडताना दोन्हीकडे सरसकट ‘त्यामुळे’ घातले तर पुरावा आणि कार्यकारण यांची गल्लत होते. म्हणून दुसऱ्या जागी ‘या म्हणण्याला आधार असा की’ असे सरळ लिहिले आहे. ‘यावरून असे दिसते’ ही रचनाही अशा ठिकाणी चालते.

तिसरा निर्णय मर्यादेच्या जागेचा. ‘किमान जिथे…’ हा भाग शेवटी स्वतंत्र वाक्यात टाकला असता तर तो कोणत्या विधानाला लागू आहे याची शंका उरली असती. तो शेवटच्या निष्कर्षाच्या पोटात ठेवला, तर तेवढ्याच निष्कर्षाला बांधला जातो आणि खंडन पूर्ण जोराने उभे राहते.

काम झाल्यावर ते तपासण्याचे दोन साधे मार्ग आहेत. एक म्हणजे ‘हा’, ‘हे’, ‘या’, ‘अशा’ यांच्या जागी ते ज्याच्यासाठी आले आहेत तो शब्द घालून पाहणे. तिसऱ्या वाक्यात नुसते ‘हा समज’ लिहिले असते, तर दुसऱ्या वाक्यातली कमी हजेरीची गोष्ट मध्ये आल्याने वाचक क्षणभर थबकला असता. म्हणून ‘अनास्थेचा हा समज’ असे लिहून संदर्भ पक्का केला आहे. दुसरा मार्ग उलट दिशेचा: मूळ वाक्य न पाहिलेल्या माणसाला पाच वाक्ये द्यावीत आणि विचारावे की लेखक कशाच्या विरोधात आहे, तो काय मान्य करतो, त्याचा पुरावा काय आणि निष्कर्ष कोणत्या घरांपुरता आहे. चारही उत्तरे पहिल्या पायरीत काढलेल्या विधानांशी जुळली, तर नाती शाबूत आहेत.

काही वेळा उत्तर जुळत नाही आणि दोष तोडण्यात नसतो. इथेही एक तशी जागा आहे. ‘त्याच आर्थिक स्तरातील’ म्हणजे कोणाच्या? वसतिगृहे उशिरा सुरू झालेल्या गावांतल्या पालकांच्या, की अहवालांत ज्यांच्याबद्दल बोलले गेले त्यांच्या? शिवाय पुरावा खरा ठरायला वसतिगृह नसलेल्या गावांत पालकांनी काय केले हेही सांगायला हवे, आणि ते मूळ वाक्यात कुठेच नाही. ऐंशी शब्दांच्या ओघात ही उणीव लपली होती. पुराव्याला स्वतःचे वाक्य मिळताच ती उघडी पडते. अशा ठिकाणी संपादकाने आपल्या मनाने एखादा अर्थ निवडून वाक्य गुळगुळीत करू नये. समासात प्रश्न लिहून तो लेखकाकडे पाठवावा, कारण तुलना नेमकी कोणाशी केली हे सर्वेक्षण करणाऱ्यालाच माहीत असते.