मित्राने स्वतःच्या दुःखावर लिहिलेला लेख वाचताना

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. समजा, त्यात नातलग गमावलेल्या मित्राने लेख लिहून तुम्हाला वाचायला दिला आणि सुरुवातच आहे : ‘काळाने घाला घातला, सारं होत्याचं नव्हतं झालं.’ ‘छान लिहिलंयस’ म्हणून मोकळं होणं सोपं. पण हे वाक्य २०१४ च्या माळीणच्या किंवा २०२१ च्या तळियेच्या दरडीलाही जसंच्या तसं लागू पडतं. म्हणजे त्यात इर्शाळवाडी अजून आलेलीच नाही. तिसऱ्या परिच्छेदात मात्र तो लिहितो, की वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, पायथ्यापासून चिखलातून चढावं लागलं. तिथे बोट ठेवा : ‘या चढणीपाशी मी थांबलो. लेख इथूनच सुरू केलास तर? चढताना कानावर काय पडत होतं?’

दुःखाची चिरफाड करू नये, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणूनच दुःख किती आणि कसं, यावर अवाक्षर नको. बोलायचं ते वाक्यांवर आणि त्यांच्या क्रमावर. शिवाय आधीच विचारून घ्या, की लेख छापायचाय की नुसतं मन मोकळं करायचंय. दुसरं असेल, तर पेन्सिल हातात घेऊच नका. आणि चढणीबद्दल आणखी लिहायची त्याची तयारी नसेल, तर सूचना मुकाट्याने मागे घ्या.